'गोड बोला' कुणी कुणाला म्हणायचं?

पत्र : सासूबाई पंचवटीतल्या जुन्या घरी, थोरल्या दिरांकडे असतात. वय 79, गुडघ्यांमुळे बाहेर पडणं बंदच. त्यांना सासऱ्यांमागे पेन्शन मिळतं आणि आम्ही दरमहा 6,000 रुपये देतो. भाऊबीजेला नणंदबाई, त्यांचे यजमान, मुलं सगळे जेवायला बसलेले असताना पैशांचा विषय निघाला आणि मी जाऊबाईंना बोलून गेले, "एवढे पैसे जातात तरी कुठे?" त्या ताटावरून उठल्या. तेव्हापासून आमच्यात एक शब्द नाही. हे म्हणतात, "14 तारखेला संक्रांत आहे. तिळगूळ दे, गोड बोला म्हण, विषय संपला." पण माझा प्रश्न चुकीचा होता असं मला वाटत नाही. मग मीच का जायचं? आणि गेले तरी त्या बोलतील का? 18 तारखेला, रविवारी, त्यांच्याकडे हळदीकुंकू आहे असं नणंदबाईंकडून कळलं. मला अजून बोलावणं नाही.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

तुमच्या यजमानांचं पहिलं अर्धं बरोबर आहे. जा, आणि संक्रांतीलाच जा. 'विषय संपला' हे मात्र त्यांनी घाईने म्हटलंय. पुरुषमंडळींना सणाकडून फार अपेक्षा असतात, कारण सणाची तयारी त्यांना करायची नसते.

आधी त्या वाक्याकडेच पाहू. 'तिळगूळ घ्या, गोड बोला.' यातल्या 'घ्या'मध्ये आपण काहीतरी देतोय, 'बोला'मध्ये काहीतरी मागतोय. शेजारच्या काकूंना म्हणताना हे मागणं ऐकूही येत नाही, ते नुसतं सणाचं बोलणं असतं. पण ज्या माणसाला आपण दुखावलंय त्याच्यासमोर तेच वाक्य म्हटलं की ते लख्ख ऐकू येतं. जाऊबाई मनात म्हणतील, "म्हणजे कडू मी बोलले होते का?" बोचरं बोलल्या तुम्ही, उठून गेल्या त्या, आणि आता गोड बोलण्याची सूचनाही त्यांनाच! यजमानांच्या योजनेतली गोम ही आहे. माझी एक मावशी आमच्या आईला दर संक्रांतीला 'गोऽड बोला हं' म्हणायची, 'गोड'वर असा काही जोर देऊन की आई तो लाडू पदराआड तसाच धरून घरी आणायची आणि आम्हाला वाटून टाकायची. शब्द सगळे शुभ होते आणि वर्षभराचा टोमणा त्यातच भरलेला होता.

मुलं म्हणतात ते वाक्य यापेक्षा प्रामाणिक आहे. 'तिळगूळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका.' त्यात भांडणाचं नाव तरी घेतलेलं आहे. मोठे झाल्यावर आपण नेमकं तेवढंच गाळतो, फक्त गोडाचं ठेवतो, आणि मग भांडण न उच्चारता मिटावं अशी अपेक्षा करतो. भाऊबीजेला सगळ्यांसमोर झालेली गोष्ट न उच्चारता मिटणार नाही. तुम्हाला तिचं नाव घ्यावं लागेल. एकदाच, थोडक्यात, आणि लाडू हातात देण्याआधी.

आता 'मीच का' या प्रश्नाकडे येते. तुम्ही दोन गोष्टी एकात बांधल्या आहेत, त्यामुळे दोन्ही जड झाल्यात. घरातल्या पैशांचा हिशोब विचारणं ही एक गोष्ट. भरल्या पंगतीत, नणंद आणि नंदावा समोर असताना, 'जातात तरी कुठे' म्हणणं ही दुसरी. त्या 'तरी कुठे'मध्ये प्रश्न नव्हता, आळ होता, आणि हे तुम्हालाही कळलेलं आहे, नाहीतर तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं. पहिल्या गोष्टीसाठी माफी मागायचं कारण नाही. दुसरीसाठी आहे, आणि ती मागितल्याने पहिलीवरचा तुमचा हक्क जात नाही. बहुतेक माणसं इथेच अडतात. त्यांना वाटतं, चुकलं म्हटलं की सगळंच चुकलं असा अर्थ निघेल, म्हणून मग ती एकतर काहीच बोलत नाहीत, नाहीतर 'माझं चुकलं, पण तुम्हीही जरा…' असं काहीतरी बोलतात. त्या 'पण'नंतर समोरच्याला मागचं काही ऐकू येत नाही.

त्यांना काय म्हणायचं ते मी लिहूनच देते, शब्द तुमच्या पद्धतीने बदला. "ताई, भाऊबीजेला मी सगळ्यांसमोर पैशांवरून बोलले, ते बोलायला नको होतं. माझं चुकलं." इथे थांबायचं. 'रागाच्या भरात', 'तसं म्हणायचं नव्हतं', 'सॉरी हं' असलं शेपूट लावू नका. मग तिळगूळ पुढे करायचा आणि म्हणायचं, "तिळगूळ घ्या. गोड बोलायचं यंदा माझ्याकडे लागलं." किंवा नुसतं "तिळगूळ घ्या", आणि पुढचं अर्धं त्यांच्यासाठी सोडून द्यायचं. समोरच्याने ते पूर्ण केलं तर तुमचं काम झालं. नाही केलं तरी तुम्ही मागणं मागितलेलं नाही, त्यामुळे त्यांनी काही नाकारलेलंही नाही.

कधी जायचं याला यंदा महत्त्व आहे. 13 तारखेला भोगी. घरात बाजरीच्या भाकऱ्या, भोगीची भाजी, दुसऱ्या दिवशीच्या सुगडांची मांडामांड. त्या दिवशी गेलात तर त्या पिठाच्या हातांनी दार उघडतील आणि तुमचं वाक्य ओट्यापाशी अर्धवट राहील. 15 ला कर, म्हणजे किंक्रांत. त्या दिवशी नवं काही करू नये असं मानणारी घरं नाशकात पुष्कळ आहेत. तुमचा विश्वास असो नसो, तुमच्या जाऊबाईंचा असेल, तर त्या दिवशीचा समेट त्यांना मनातून खटकत राहील. रविवारी हळदीकुंकू आहे, आणि तिथे तर हा विषय मुळीच नको. वाण घ्यायला आलेल्या पंधरा बायकांसमोर कुणी माफी मागितली तर यजमानीणबाईंना हसून 'अगं, काय हे' म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. ती माफी नसते, कोंडी असते. एकदा चारचौघांत बोलून त्यांची अडचण केलीत, दुसऱ्यांदा नको.

म्हणून बुधवारीच जा, 14 तारखेला, संध्याकाळी. सकाळी संक्रांतीच्या स्नानाला रामकुंडावर गर्दी असते, पंचवटीत गाडी शिरत नाही, आणि गच्चीवर पतंगाच्या आरोळ्यांमध्ये दोन वाक्यं धड ऐकू येणार नाहीत. दिवेलागणीला घर जरा शांत असतं. बुधवार निसटलाच तर शनिवार. त्यापुढे गेलात तर तुम्ही आमंत्रणासाठी आलात असं वाटेल.

इतर वाचकांसाठी इथेच सांगून टाकते, की तिळगूळ द्यायला संक्रांतीचा एकच दिवस नसतो, रथसप्तमीपर्यंत चालतो. पण ही मुदत दरवर्षी सारखी नसते. संक्रांत सूर्यावर ठरते म्हणून ती 14 किंवा 15 जानेवारीलाच येते. रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीची, ती चंद्राच्या तिथीने सरकते. 2024 साली संक्रांत 15 जानेवारीला आणि रथसप्तमी थेट 16 फेब्रुवारीला होती, महिनाभराची उसंत मिळाली होती. यंदा, 2026 मध्ये, रथसप्तमी 25 जानेवारीलाच आहे. 'जाऊ पुढच्या आठवड्यात' म्हणणाऱ्यांना यंदा पुढचा आठवडा एकच मिळणार आहे.

अजून एक गंमत यंदाची. संक्रांतीच्याच दिवशी षट्‌तिला एकादशी आहे. तुमच्या जाऊबाई एकादशी करत असतील तर तिळगूळ हातात घेऊन त्या वाटीत ठेवून देतील, तोंडात टाकणार नाहीत. उपासाला तीळ कुणी खातं, कुणी खात नाही. दाराबाहेर पडल्यावर 'खाल्ला नाही, म्हणजे मनातून गेलं नाही' असं यजमानांना सांगत बसू नका. लाडू खाल्ला की ठेवला यावरून काहीच ठरत नाही.

कशावरून ठरतं, ते सांगते. तुम्ही दिलेल्या तिळगुळाच्या बदल्यात त्यांनी आपल्या डब्यातला तिळगूळ तुमच्या हातावर ठेवला, तर बोलणं सुरू झालं असं समजा, तोंडाने काही बोलल्या नाहीत तरी. आपल्याकडे तिळगूळ एकीकडून जात नाही, त्याची देवघेव असते. 'बस' म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवलं तर उत्तमच. पण 'ठीक आहे' म्हणून घेतला, टेबलावर ठेवला, आणि हातावर काही आलं नाही, तर दार अजून लोटलेलं आहे. कडी लावलेली नाही, एवढंच. त्यावर तिथल्या तिथे 'ताई, अजून राग आहे का?' असं विचारू नका. राग आहेच. त्यांनी अडीच महिने तो सांभाळलाय, तुमच्या दोन वाक्यांत तो विरावा अशी त्यांच्यावर सक्ती नाही.

आणि घेतलाच नाही तर? असंही होतं. हात मागे घेऊ नका, हट्टही करू नका. "मी आईंना सांगून निघते" म्हणा, आत जा.

खरं म्हणजे आत जायचंच आहे, आणि आधी आत जायचं की आधी जाऊबाईंशी बोलायचं, हा लहानसा वाटणारा पण नाजूक मुद्दा आहे. रिवाज वडीलधाऱ्यांना आधी असा आहे, त्यामुळे पहिला तिळगूळ सासूबाईंना, नमस्कार त्यांना. हळदीकुंकू सवाष्णींचं म्हणून रविवारी त्या कदाचित आतल्या खोलीतच बसतील (मला ही रीत पटत नाही, बऱ्याच घरांनी ती सोडलीही आहे). तिळगुळाला मात्र असला भेद नाही, तो सगळ्यांचा. तेव्हा त्यांच्याजवळ बसा, गुडघ्यांचं विचारा. पण जाऊबाईंबद्दल त्यांच्यापाशी चकार शब्द काढू नका. सासूबाईंना मध्ये घालून थोरलीवर दडपण आणणं ही जुनी युक्ती आहे, आणि ती करणारीला थोरली कधीच विसरत नाही. मग बाहेर येऊन, शक्य तर स्वयंपाकघरात, दोघीच असताना, ते वाक्य. यजमानांना म्हणावं, तोवर गच्चीवर पुतण्याची फिरकी धरा. त्यांच्यादेखत बोललात तर दोघींनाही त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलावं लागेल.

पायांना हात लावायचा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात येईल. एरवी सणाला त्यांना वाकून नमस्कार करत असाल तर आत्ताही करा. कधीच करत नसाल तर आज एकदम करू नका, ते नाटकी वाटेल, आणि त्यांना संकोच होईल.

आता नेण्याबद्दल. बाजारची तिळाची वडी किंवा हलव्याचं पाकीट नेलं तरी कुणी काही म्हणणार नाही, पण या खेपेला घरी करा. सासूबाईंचं वय पाहता चिक्कीच्या गुळाचा कडक लाडू नको. तो पाक गोळीबंद होऊन थोडा जरी पुढे गेला की लाडू दगड होतो, आणि 79 व्या वर्षी दगड चावत नाही. साधा गूळ घ्या, पाक करूच नका. दोन वाट्या तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, भरड वाटा. एक वाटी दाण्याचं कूट, दीड वाटी किसलेला गूळ, वेलची घालून सगळं मिक्सरमधून एकदा फिरवा. तिळाच्या आणि दाण्याच्या तेलाने ते मिश्रण आपोआप वळलं जातं. नाहीच वळलं तर चमचाभर तूप. हे लाडू मऊ राहतात. जाऊबाईंच्या लक्षात येईल की मऊ लाडू कुणाचा विचार करून केलेत, कारण त्या घरात सासूबाईंच्या दातांचा विचार रोज त्याच करतात.

लाडू स्टीलच्या डब्यात न्या, प्लॅस्टिकच्या फेकून द्यायच्या डब्यात नको. त्याचं कारण शेवटी सांगते.

काही गोष्टी आधीच टाळा. 14 तारखेला सकाळी तुमच्या फोनवरून तिळगुळाचं चित्र कुटुंबाच्या ग्रुपवर गेलं की संध्याकाळच्या भेटीतला अर्धा अर्थ गेला. त्या दिवशी ग्रुपवर गप्प राहा. मुलांच्या हाती डबा पाठवू नका. 'काकूंना दे आणि गोड बोला म्हण' असं सांगून पाठवलेलं मूल पोस्टमन होतं, आणि काकूंना त्याच्याशी गोडच बोलावं लागतं, त्यात तुमचं काही साधत नाही. नणंदबाईंना 'मी जाणार आहे बरं का' असं आधी सांगू नका, तो निरोप तुमच्याआधी पोहोचेल.

नणंदबाईंना नंतर मात्र जरूर सांगा. तुमचा आळ चौघांसमोर होता, माफी दोघींत झाली, म्हणजे हिशोब अर्धाच फिटला. नणंद आणि नंदावा यांच्या मनात 'जातात तरी कुठे' अजून तसंच आहे. फोन करून एवढंच सांगा, "भाऊबीजेला मी वहिनींना बोलले ते बरोबर नव्हतं, मी त्यांना तसं सांगून आले." त्यापुढे चर्चा नको. हे जाऊबाईंच्या कानावर जाईलच. तुम्ही त्यांना एकटीला म्हटलेल्या वाक्यापेक्षा याचा त्यांच्यावर जास्त परिणाम झाला तर मला नवल वाटणार नाही.

मग पैशांचं काय? संक्रांतीला त्यातलं काही काढू नका, त्यांनीच काढलं तरी "निवांत बोलू ताई" म्हणा. रथसप्तमी होऊ द्या. त्यानंतर दोघे भाऊ आणि तुम्ही दोघी अशी चौघांची बैठक, जेवणाच्या ताटावर नव्हे. आणि तिथे प्रश्न उलटा विचारा. पैसे कुठे जातात याऐवजी आईंना महिन्याला काय काय लागतं, ते विचारा. औषधं, डॉक्टर, गुडघ्यांचे व्यायाम करून घ्यायला कुणी येत असेल तर त्याचे, दूध, फळं, कामाच्या बाईंचे जादा पैसे. वहीच्या एका पानावर उतरवा. दुसऱ्या पानावर वेळ लिहा. रात्री बाथरूमला कोण नेतं, दवाखान्यात कोण बसतं, कुणाला माहेरी दोन दिवस राहता येत नाही. ही दोन्ही पानं शेजारी ठेवली की तुमचे 6,000 कमी आहेत की जास्त, हे कुणी न बोलता दिसेल. ते जास्त आहेत असं निघालं तर तसं स्पष्ट म्हणा, तुमचा हक्क आहे. पण दुसरं पान बघून तुम्ही महिन्यातले काही दिवस आईंना इंदिरानगरला आणायचं ठरवलंत, तर तो भार पैशांनी उतरला नसता एवढा उतरेल. लिफ्ट आहे का तुमच्याकडे, ते आधी बघा.

एक सावधगिरी, तुमच्यासाठी नाही, हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आलेला भाऊ चहा संपता संपता हक्कसोडपत्राचे कागद पुढे करत असेल, तर तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि ज्या नातलगाने हात उगारला आहे किंवा ज्याची भीती वाटते, त्याच्या दारी तिळगूळ घेऊन जायचं बंधन कुठल्याही सणाने घातलेलं नाही. तुमचं प्रकरण त्यातलं नाही. तुमच्याकडे एक बोचरं वाक्य आहे आणि अडीच महिन्यांचा अबोला.

रविवारच्या हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर जा, वेळेवर जा, पुढे पुढे करून ट्रे उचलू नका, वाण घ्या, थोडं थांबा आणि या. नाही आलं तर जाऊ नका आणि 'मला का नाही बोलावलं' असं कुणाकडेही म्हणू नका. या वर्षी त्यांना तेवढं करू द्या.

आणि तो डबा. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. तुमचा डबा त्यांच्या ओट्यावर राहिला की तो परत करण्याची वेळ त्या ठरवतील, त्यात काय घालायचं हेही त्याच ठरवतील. चार दिवसांत येईल, कदाचित होळीच्या पुरणपोळीबरोबर येईल. मध्ये फोन करून डबा मागू नका, तुमच्याकडे दुसरे असतीलच.